रेझ्युमेतली प्रोजेक्टची ओळ: लिहायची कशी आणि मुलाखतीत निभवायची कशी

फ्रेशरच्या रेझ्युमेत विचारण्यासारखं फार थोडं असतं. अनुभवाचा रकाना रिकामा, गुण सगळ्यांचे थोड्याफार फरकाने सारखे, आणि छंदांवर कुणी वेळ घालवत नाही. उरतो शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट किंवा दोन महिन्यांची इंटर्नशिप. मुलाखत घेणारा तिथेच बोट ठेवतो आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं तिथेच जातात. मुलांचा वेळ मात्र टेम्प्लेट निवडण्यात आणि ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ सजवण्यात जातो. प्रोजेक्टच्या ओळी सर्वांत शेवटी, ग्रुपमधल्या कुणाच्या तरी रेझ्युमेतून उचलून डकवल्या जातात.

म्हणून इथे बोलायचं ते फक्त त्या ओळींबद्दल. उदाहरणांतली नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत, आणि दोन-तीन रेझ्युमे एकत्र करून एक केला आहे. मूळ मजकूर इंग्रजीत होता. इथे तो मराठीत दिला आहे.

आधीची ओळ

> फेस रेकग्निशन अटेंडन्स सिस्टिम
> हार कॅस्केड वापरून चेहरा ओळखणारी व आपोआप हजेरी लावणारी प्रगत प्रणाली विकसित केली. अचूकता ९७%. तंत्रज्ञान: पायथन, ओपनसीव्ही, मायएसक्यूएल, मशीन लर्निंग, डीप लर्निंग. टीम: ४.

वरवर पाहिलं तर बरी वाटते. आता मुलाखत घेणाऱ्याच्या नजरेने वाचा.

हार कॅस्केड चेहरा *ओळखत* नाही, तो फक्त चेहरा *शोधतो*. चित्रात अमुक चौकोनात चेहरा आहे, एवढंच तो सांगतो. तो चेहरा कुणाचा, हे सांगायला वेगळी पद्धत लागते. ही ओळ ज्या मुलीच्या रेझ्युमेत होती, तिच्या प्रोजेक्टमध्ये तशी पद्धत होतीही: ओपनसीव्हीतली एलबीपीएच. पण रेझ्युमेत तिचा उल्लेखच नव्हता, कारण ओळ दुसऱ्याची होती. ह्या विषयातला माणूस समोर असेल तर पहिलाच प्रश्न इथे येणार, आणि उत्तर अडखळलं की पुढचं सगळं तो संशयानेच ऐकणार.

दुसरी अडचण ९७ टक्क्यांची. कशावर मोजले? विचारल्यावर कळलं की ज्या फोटोंवर मॉडेल शिकवलं, त्याच फोटोंवर तपासलं होतं. पेपर आधीच हातात दिल्यावर मिळालेले ते गुण. डीप लर्निंग तर प्रोजेक्टमध्ये कुठेच नव्हतं. ‘असलं की बरं दिसतं’ म्हणून आलेलं. आणि चौघांच्या टीममध्ये हिने नेमकं काय केलं, ह्याचा पत्ताच नाही.

पायरी पहिली: आधी कच्चा मजकूर, रेझ्युमे नंतर

रेझ्युमेची फाइल बंद ठेवा. कागद घ्या आणि प्रोजेक्टबद्दल ह्या प्रश्नांची उत्तरं साध्या भाषेत, मित्राला सांगावं तशी लिहा. हे कुणासाठी होतं? माझ्या हाताने काय झालं आणि इतरांच्या हाताने काय? कुठे दोन-तीन पर्याय होते आणि त्यातला एक का निवडला? काय बिघडलं? चालतंय हे कशावरून ठरवलं? अजूनही काय चालत नाही?

शेवटचे दोन प्रश्न मुलं टाळतात, आणि खरा माल तिथेच असतो. ह्या मुलीने कागदावर लिहिलेलं थोडं बघा:

“यूआय दुसऱ्याने केला, डेटाबेस तिसऱ्याने, रिपोर्ट चौथ्याने. मी वर्गातल्या २४ जणांचे प्रत्येकी २० फोटो काढले, मॉडेल शिकवलं. खिडकीसमोर उभं राहून काढलेल्या फोटोंत नावं चुकत होती. मोबाईलवर फोटो दाखवला तरी हजेरी लागायची, ते आम्ही सरांना सांगितलं नाही.”

ह्या चार वाक्यांत मूळच्या ओळीपेक्षा कितीतरी जास्त ऐवज आहे.

पायरी दुसरी: आकडा नसेल तर आजही मोजता येतो

‘परिणाम आकड्यात लिहा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि त्याचा परिणाम असा की मुलं आकडे बनवतात. ‘कार्यक्षमता ४०% वाढवली’ हे फ्रेशरच्या रेझ्युमेत दिसलं की ‘आधी किती होती आणि कशी मोजली?’ एवढं विचारलं तरी फुगा फुटतो.

बनवायची गरज नसते. प्रोजेक्ट संपला असला तरी फाइल्स लॅपटॉपवर असतातच. हिच्याकडे ४८० फोटो होते. तिला एवढंच करायला सांगितलं: प्रत्येकाचे १५ फोटो शिकवायला ठेव, ५ बाजूला काढ, आणि त्या बाजूला काढलेल्या १२० फोटोंवर नव्याने तपास. संध्याकाळभराचं काम. १०३ बरोबर आले, १७ चुकले. म्हणजे ९७ नव्हे, ८६ टक्के. तिचा चेहरा पडला. पण हा ८६चा आकडा तिचा स्वतःचा होता आणि त्याच्यामागे काय आहे ते तिला पूर्ण सांगता येत होतं. चुकलेले १७ फोटो एकेक करून उघडले तेव्हा त्यातले ११ मागून उजेड पडलेले निघाले. जे आधी नुसतं जाणवलं होतं, ते आता मोजलं गेलं.

मग थोडं पुढे गेलो. एलबीपीएच प्रत्येक उत्तराबरोबर एक संख्या देते. ओपनसीव्ही तिला ‘कॉन्फिडन्स’ म्हणते, पण ती खरं तर अंतर असते: जितकी लहान, तितकं साम्य जास्त. निम्मी मुलं हे उलटं सांगतात, म्हणून हा प्रश्न पाठ असू द्या. ह्या संख्येला मर्यादा घातली आणि त्यापलीकडच्या चेहऱ्यांना ‘अनोळखी’ म्हणून बाजूला काढलं, तर १७ पैकी १२ चुकीची नावं गळाली. मात्र बरोबर आलेल्यांतलेही ९ जण अनोळखी ठरले. हिशेब असा झाला: ९४ बरोबर, ५ चूक, २१ अनोळखी.

हे चांगलं की वाईट? हजेरीच्या कामात चुकीच्या नावावर हजेरी लागणं जास्त वाईट, कारण ज्याची फुकट लागली तो तक्रार करणार नाही. जो अनोळखी ठरला तो लगेच सांगायला येईल. हा विचार तिला स्वतःला सुचला, आणि मुलाखतीत सर्वांत उपयोगी तोच पडला.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये टक्केवारी निघण्यासारखं काही नसेल तर मोजदाद लिहा: किती नोंदी, किती टेबलं, किती लोकांनी वापरून पाहिलं, कितीदा चाचणी घेतली. ‘६ जणांना वापरायला दिलं, ४ जण लॉगिनवर अडले, म्हणून ते पान बदललं’ ही ओळ कुठल्याही टक्क्यापेक्षा भारी आहे.

पायरी तिसरी: ओळ लिहिणे

आता रेझ्युमेची फाइल उघडा. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी आल्या पाहिजेत: मी काय केलं, कशाने केलं, त्यातून काय निघालं. एका प्रोजेक्टला तीन ओळी पुरे. चौथी लिहावीशी वाटली तर आधीच्या तिन्हींतली एक कमकुवत आहे असं समजा.

> फेस रेकग्निशनवर आधारित हजेरी प्रणाली – चौघांचा गट. माझा भाग: चेहरा ओळखणे व चाचणी
> • २४ विद्यार्थ्यांचे ४८० फोटो जमवले. चेहरा शोधण्यासाठी हार कॅस्केड व ओळखण्यासाठी एलबीपीएच वापरून मॉडेल तयार केले (पायथन, ओपनसीव्ही).
> • मॉडेलने न पाहिलेल्या १२० फोटोंवर चाचणी: १०३ बरोबर. १७ पैकी ११ चुका मागून उजेड असलेल्या फोटोंत असल्याचे शोधले.
> • चुकीच्या नावावर हजेरी लागू नये म्हणून ‘अनोळखी’ची मर्यादा ठरवली; चुकीची नावे १७ वरून ५ वर आली, मात्र २१ फोटो हाताने तपासावे लागतात.

तिसऱ्या ओळीतला ‘मात्र’ काढून टाक, असं तिला बऱ्याच जणांनी सांगितलं. रेझ्युमेत उणी बाजू कशाला? माझं मत वेगळं आहे. पूर्ण रेझ्युमेत अशी एखादीच जागा ठेवावी, पण ठेवावी. वाचणाऱ्याला कळतं की ह्या व्यक्तीने काम खरंच केलंय, कारण न केलेल्या कामाच्या उणिवा कुणाला माहीत नसतात.

‘प्रगत’, ‘आपोआप’ गेले. डीप लर्निंग गेलं. मायएसक्यूएलही गेलं, कारण ते काम तिसऱ्याचं होतं. त्यावर तिने थोडी घासाघीस केली: “पण जाहिरातीत एसक्यूएल मागितलंय!” मग कौशल्यांच्या यादीत एसक्यूएल ठेवलं, पण तिला खरोखर जमतं तेवढ्याच पातळीवर: दोन टेबलं जोडून क्वेरी लिहिणं. तेवढ्याचा सराव करून गेली.

पायरी चौथी: प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न

ओळी लिहून झाल्या की प्रिंट काढा आणि मित्राच्या हातात पेन द्या. तांत्रिक जाण नसलेला मित्रही चालतो. त्याने प्रत्येक नामाला आणि प्रत्येक आकड्याला गोल करायचा आणि तीनच गोष्टी विचारायच्या: हे म्हणजे काय? हेच का, दुसरं का नाही? हे बिघडतं कधी?

पहिल्याला सगळे उत्तर देतात. दुसऱ्याला जिथे गाडी अडते ती तुमची आठवड्याभराच्या अभ्यासाची यादी. तिन्हीला अडलात तर तो शब्द रेझ्युमेतून काढा. रेझ्युमेत नसलेल्या गोष्टीवर अडखळलात तर फारसं बिघडत नाही. लिहिलेल्या गोष्टीवर अडखळलात तर बाकीचंही खोटं धरलं जातं.

मुलाखतीत: “प्रोजेक्टबद्दल सांगा”

पहिल्या सरावात तिचं उत्तर असं सुरू झालं:

“सर, आजच्या युगात वेळेला खूप महत्त्व आहे. पारंपरिक हजेरी पद्धतीत बराच वेळ जातो. त्यावर उपाय म्हणून आम्ही ही प्रणाली विकसित केली. यात आम्ही पायथन वापरलं, ज्यात अनेक लायब्ररी उपलब्ध आहेत…”

हे प्रोजेक्ट रिपोर्टच्या प्रस्तावनेतून आलेलं आहे, आणि समोरच्याने त्या दिवसात ते आधीच ऐकलेलं असतं. अर्धं मिनिट गेलं तरी तिने स्वतः काय केलं ते आलेलं नाही. ‘आम्ही’ मात्र दोनदा आलं.

सरावानंतरचं उत्तर:

“मॅडम, कॅमेऱ्यासमोरचा चेहरा ओळखून हजेरी लावायची, असा चौघांचा प्रोजेक्ट होता. ओळखण्याचा भाग आणि त्याची चाचणी माझ्याकडे होती. वर्गातल्या २४ जणांचे फोटो मी जमवले. एलबीपीएच निवडलं, कारण फोटो थोडे होते आणि साध्या लॅपटॉपवर चालवायचं होतं. न पाहिलेल्या १२० फोटोंवर १०३ बरोबर आले. चुका पाहिल्या तर बहुतेक मागून उजेड असलेल्या फोटोंत होत्या. माझ्या दृष्टीने खरी अडचण चुकीच्या नावावर हजेरी लागण्याची होती, म्हणून मर्यादा घातली. त्याने ती चूक १७ वरून ५ वर आली, पण काही बरोबर चेहरेही अनोळखी ठरायला लागले.”

हे सावकाश बोललं तर मिनिटभराच्या आत संपतं. त्यानंतर थांबायचं. पुढे काय विचारायचं हे समोरच्याला ठरवू द्या. शांतता पडली म्हणून पुन्हा पायथनच्या लायब्ररींवर घसरू नका. ह्या उत्तरात विचारण्यासारखे तीन दुवे मुद्दाम मोकळे सोडलेले आहेत (एलबीपीएच का, उजेडाचं काय केलं, मर्यादा कशी ठरवली), आणि तिन्हींची तयारी तिच्याकडे आहे.

सरावात एक प्रश्न मी मुद्दाम टाकला: “मर्यादा ज्या १२० फोटोंवर ठरवली, त्याच १२० फोटोंवर १७ चे ५ झाले असं सांगतेस ना?” ती गप्प झाली. बरोबर आहे, तिथे भोक होतं. मर्यादा ठरवायला एक गठ्ठा आणि शेवटच्या तपासणीला दुसरा, असा तिसरा वाटा काढायला हवा होता. नंतर आम्ही उत्तर ठरवलं: “हो, त्यामुळे ५ हा आकडा थोडा आशावादी आहे. फोटो आणखी असते तर मर्यादा एका गठ्ठ्यावर ठरवून दुसऱ्यावर तपासली असती.” इथे बचाव करायला गेलं की माणूस अडकत जातो. खरं काय ते सांगून पुढचं पाऊल सांगितलं की प्रश्न तिथेच संपतो.

मोबाईलवर फोटो दाखवून फसवण्याचा प्रश्न तर येतोच. “फसते. जिवंत चेहरा आणि चेहऱ्याचा फोटो यातला फरक आमची प्रणाली करत नाही. डोळ्यांची उघडझाप तपासणं हा एक उपाय वाचलाय, करून पाहिलेला नाही.” ‘वाचलाय’ आणि ‘केलाय’ हे दोन शब्द नीट वेगळे ठेवा.

आणि जे अजिबात माहीत नाही त्याला “माहीत नाही” म्हणा. शक्य असेल तर त्याच्या जवळचं काय माहीत आहे ते एका वाक्यात जोडा. जवळचंही काही नसेल तर ओढूनताणून जोडू नका.

कॉमर्सच्या मुलाची ओळ

हे फक्त इंजिनिअरिंगपुरतं आहे असं वाटू नये म्हणून एक छोटं उदाहरण. इंटर्नशिप केलेल्या मुलाच्या रेझ्युमेत होतं:

> अकाउंट्स इंटर्न म्हणून दैनंदिन हिशेबाची कामे हाताळली. टीमवर्क व वेळेचे नियोजन शिकलो.

‘कामे हाताळली’ म्हणजे काय, हे खोदल्यावर कळलं की दोन महिने तो बँक स्टेटमेंट आणि कॅशबुक जुळवत होता. झालं:

> दोन महिन्यांचे बँक रिकन्सिलिएशन केले. न वटलेले चेक, बँक चार्जेस आणि दोनदा झालेल्या नोंदी अशा तीन कारणांनुसार फरकांची यादी करून वरिष्ठांना दिली.

आता प्रश्न कुठून येणार तेही स्पष्ट आहे. आपण दिलेला चेक अजून वटला नसेल तर स्टेटमेंटमधली शिल्लक पुस्तकापेक्षा जास्त दिसेल की कमी? जास्त, कारण पुस्तकात पैसे गेले आणि बँकेतून अजून गेले नाहीत. आपण भरलेला चेक जमा व्हायचा असेल तर उलट. बँक चार्जेस असतील तर स्टेटमेंटमध्ये कमी. ह्या मुलाला हे हाताने केल्यामुळे येत होतं. फक्त रेझ्युमेत ते ‘टीमवर्क’खाली गाडलं गेलं होतं.

नोकरी बदलली की ओळींचा क्रम बदला

प्रत्येक अर्जासाठी नवा रेझ्युमे लिहीत बसू नका. जाहिरात वाचा आणि असलेल्या ओळी वरखाली करा. हजेरीच्या प्रोजेक्टवाल्या मुलीने टेस्टिंगच्या नोकरीला अर्ज केला तेव्हा चाचणीची ओळ सर्वांत वर गेली, आणि तोंडी उत्तराची सुरुवातही “चाचणीचा भाग माझ्याकडे होता” अशी झाली. डेटा ॲनालिस्टच्या जागेसाठी फोटो जमवणं आणि चुकांची वर्गवारी वर आली. मजकूर एकही शब्द खोटा न होता फिरतो.

ह्या सगळ्याला एक हद्द आहे. जिथे ठरावीक गुणांखालचे अर्ज उघडलेच जात नाहीत, तिथे चांगली ओळ काही करू शकत नाही. ती उपयोगी पडते ती रेझ्युमे माणसाच्या हातात पोचल्यावर.

तो हातात पोचावा म्हणून

बऱ्याच कंपन्या अर्ज आधी सॉफ्टवेअरमधून घेतात आणि ते फाइलमधला मजकूर उपसून रकान्यांत भरतं. दोन उभ्या पट्ट्यांचं टेम्प्लेट, चित्रात लिहिलेला मजकूर, हेडरमध्ये टाकलेला फोन नंबर, कौशल्यांपुढचे तारे किंवा भरलेल्या पट्ट्या इथे घोळ करतात. तपासायचं सोपं आहे: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. ओळी वाचण्याच्या क्रमाने आल्या, फोन आणि ईमेल दिसले, एका प्रोजेक्टची ओळ दुसऱ्यात मिसळली नाही, तर ठीक. नाहीतर टेम्प्लेट बदला. एक पान, एक पट्टी, दहा ते बारा पॉइंटचा साधा फॉन्ट. ‘ऑब्जेक्टिव्ह’ काढला तर जागा होते. ती प्रोजेक्टला द्या.

मुलाखतीच्या आदल्या रात्री नवं काही वाचू नका. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून प्रोजेक्टचं उत्तर तीनदा बोला आणि ऐका. किती सेकंदांनी पहिला ‘मी’ येतो तेवढं बघा. वीस सेकंदांच्या पुढे गेला तर सुरुवातीची वाक्यं कापा. पाठ करू नका, नाहीतर मधे प्रश्न आला की धागा तुटतो. आणि ज्या कंपनीला रेझ्युमेची जी प्रत पाठवली असेल, नेमकी तीच प्रिंट काढून सोबत ठेवा, कारण समोरच्याच्या हातात तीच असणार.